भाव बरोबर, रोकड चुकली: हळदीच्या वायद्यात आमच्या शेतकरी कंपनीचं २०२३ साली काय झालं

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशोब मी बघतो. कंपनीचं, गावाचं, माणसांचं नाव देत नाही, आणि हिशोब डोक्यात बसावा म्हणून आकडे थोडे गोल केलेत, पण जे घडलं ते असंच घडलं. एकच पीक, एकच हंगाम, आणि अर्धा माल वायद्यात, म्हणजे एक्स्चेंजवरच्या पुढच्या महिन्याच्या सौद्यात, तर अर्धा फॉरवर्डमध्ये, म्हणजे थेट खरेदीदाराशी केलेल्या आगाऊ सौद्यात विकलेला, त्यामुळे दोन्हीतला फरक आम्हाला पुस्तकात नाही तर बँकेच्या खात्यात दिसला. म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

वसमत, हिंगोली, नांदेड हा सगळा पट्टा हळदीचा. २०२३ च्या आधीची काही वर्षं वाढलेला भाव टिकत नव्हता, त्यामुळे सभासद वैतागलेले होते, अनेकांनी यंदा हळद कमी लावणार असं बोलूनही दाखवलं होतं. एप्रिल-मे मध्ये कंपनीने सभासदांकडून १०० टन म्हणजे १,००० क्विंटल कांडी क्विंटलला सरासरी ६,५०० रुपयांनी घेतली. माल ६५ लाखांचा झाला. कंपनीचं स्वतःचं भांडवल १५ लाख आणि बँकेची कॅश क्रेडिट लिमिट ६० लाख, म्हणजे माल भरल्यावर हातात उरले १० लाख. हा १० लाखांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

जूनच्या सुरुवातीला हाजर बाजारात, म्हणजे रोखीच्या बाजारात, भाव ७,४०० च्या आसपास आला आणि एनसीडीईएक्स या वायदे बाजारात ऑगस्टचा वायदा ८,००० ला चालू होता. संचालक मंडळात सगळ्यांचं एकच म्हणणं, आलेला भाव हातचा जाऊ द्यायचा नाही, मागच्या वेळी असाच वाढला आणि आपण थांबलो तर खाली आला. ते चूक नव्हतं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की पुढच्या दोन महिन्यांत हळद जवळपास दुप्पट होणार आहे.

मग ठरलं असं. अर्धा माल, ५०० क्विंटल, एका मसाला कारखान्याला ७,८०० रुपयांनी ऑगस्टच्या मध्यावर पोच द्यायचा, लेखी करार, टोकन म्हणून त्यांच्याकडून २ लाख. हा झाला फॉरवर्ड. उरलेल्या ५०० क्विंटलसाठी वायद्यात विक्री करायची. हळदीचा एक लॉट ५ टनांचा म्हणजे ५० क्विंटलचा, म्हणून १० लॉट ऑगस्ट वायदा सरासरी ८,००० ला विकला.

मार्जिन, म्हणजे सौद्याचं तारण, तेव्हा साधारण १२ टक्के लागलं, ४० लाखांच्या सौद्यावर ४ लाख ८० हजार. बाकीचे ५ लाख २० हजार आम्ही ब्रोकरकडेच राखीव ठेवले आणि आमच्या मते भरपूर ठेवले.

अडचण कुठे सुरू झाली

वायद्यात रोज संध्याकाळी हिशोब होतो हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि ते अंगावर येणं वेगळं. दिवसअखेर एक्स्चेंज एक सेटलमेंट भाव जाहीर करतं, तुमचा सौदा त्या भावाला आणून ठेवला जातो, आणि कालच्या भावापासून आजच्या भावापर्यंतचा फरक रोख स्वरूपात एकाच्या खात्यातून निघून दुसऱ्याच्या खात्यात जातो. याला एमटीएम म्हणतात, मार्क टू मार्केट. आमची विक्री होती, म्हणजे भाव वाढला की आम्ही भरायचं आणि पडला की आम्हाला मिळायचं. १० लॉटवर क्विंटलमागे १०० रुपये भाव हलला की ५० हजार रुपये, हे गणित मी टेबलावर काचेखाली लिहून ठेवलं होतं.

हा पैसा ठेव म्हणून पडून राहत नाही, तो खरंच गेलेला असतो. सुरुवातीचं मार्जिन हे तारणासारखं असतं, सौदा संपला की परत मिळतं, त्यातला काही भाग एफडीसारख्या तारणातही चालतो. एमटीएम मात्र रोखच लागतो आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत. ब्रोकरचा फोन सकाळी साडेआठला यायचा. दहाच्या आत पैसे.

पाऊस लांबला, लागवड घटणार ही चर्चा सगळीकडे झाली, आणि वायदा चढायला लागला. ९,००० झाला तेव्हा आमचे ५ लाख गेलेले होते, राखीव रक्कम संपली आणि पहिला मार्जिन कॉल, म्हणजे आणखी पैसे भरा असा फोन आला. जूनअखेर वायदा १०,००० वर. एमटीएमपोटी गेले १० लाख, आणि दुसरं एक दुखणं असं की मार्जिन हे भावाच्या टक्क्यात असतं, भाव वाढला की तेच १२ टक्के जास्त रुपये होतात, शिवाय बाजार उसळता झाला की टक्काही वाढतो. आमचा तोवर १५ झाला होता, म्हणजे ५० लाखांवर साडेसात लाख. एकूण अडकले साडेसतरा लाख. संचालकांनी आपापल्या घरातून ८ लाख ठेव म्हणून आणून दिले, त्यात एकाने मुलीच्या लग्नासाठीचे ठेवलेले दिले, तेव्हा कुठे जून पार पडला.

आता कुणीही विचारेल की अहो, तुमच्या गोदामात ५०० क्विंटल हळद आहे, तिचाही भाव तेवढाच वाढला ना? वाढला. हाजर भाव ९,५०० झाला होता. वायद्यात १० लाख गेले तर मालात १० लाखांच्या आसपास वाढले, हेज म्हणजे भावाचं संरक्षण म्हणून बघितलं तर सगळं जागच्या जागी होतं. पण गोदामातली वाढ ही न विकलेल्या मालातली वाढ, ती कुठल्याच खात्यात जमा होत नाही, आणि वायद्यातला तोटा मात्र रोज सकाळी दहाच्या आत मागतो.

मी बँकेत गेलो. मॅनेजर साहेबांना सांगितलं की माल दीडपट किमतीचा झालाय, लिमिट वाढवून द्या. ते भले माणूस, त्यांनी शांतपणे समजावलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचल करता येईल ते, आपल्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते, आणि त्यात मालाची किंमत खरेदीचा भाव किंवा बाजारभाव, यातला जो कमी असेल तो धरतात. म्हणजे भाव पडला असता तर आमची लिमिट घटली असती, पण वाढला तर एक रुपयाही वाढणार नव्हती. बँकेच्या दृष्टीने आमची हळद अजून ६,५०० चीच होती. हे मला तोवर खरंच लक्षात आलं नव्हतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

फॉरवर्डच्या बाजूला तेव्हा काय चाललं होतं

काहीच नाही! तोच माल, तीच विक्री, भाव तेवढाच वाढला, कागदावर तोटाही जवळपास तेवढाच. पण जून आणि जुलैमध्ये त्या ५०० क्विंटलपोटी आमच्या खात्यातून एक रुपया गेला नाही. फॉरवर्डमध्ये सगळा हिशोब शेवटच्या दिवशी, माल दिला की पैसे. मधल्या काळात भाव १५,००० होवो की ५,०००, कुणी कुणाला फोन करत नाही.

याची किंमत मात्र दुसरीकडे असते. वायद्यात तुमच्या समोर क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते, समोरच्याने पैसे बुडवले तरी तुमचे मिळतात, आणि ती हे करू शकते कारण ती रोजच्या रोज वसुली करते. एका दिवसात भाव किती हलू शकतो याला मर्यादा आहे, हळदीत ती तेव्हा ६ टक्के होती, आणि मार्जिन त्याहून जास्त घेतलेलं असतं, म्हणून कुणी पळाला तरी त्याच्या मार्जिनमधून भागतं. फॉरवर्डमध्ये मध्ये कुणी नसतं. कारखान्याकडे आमच्यापोटी काय होतं? एक कागद, आणि उलट त्यांनीच आम्हाला २ लाख दिलेले. जुलैत ७,८०० च्या सौद्यावर बाजार १२,००० झाला तेव्हा त्यांचा २१ लाखांचा फायदा फक्त आमच्या शब्दावर उभा होता.

आणि तो शब्द हलायला लागला होता. सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज मेसेज, की माल त्यांना देऊ नका, टोकन परत करा, बाजारात विका. ज्यांनी एप्रिलमध्ये आम्हाला ६,५०० ला हळद घातली त्यांचा संताप मला पूर्ण समजत होता, डोळ्यांसमोर भाव दुप्पट होतोय आणि आपलीच कंपनी जुन्या भावाने माल देणार. लोक फॉरवर्डमध्ये समोरचा बुडवेल का याची चिंता करतात, इथे बुडवू शकणारे आम्हीच होतो.

पर्याय

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वायदा १२,००० ला आला. एमटीएम २० लाख, मार्जिन ९ लाख, एकूण २९ लाख अडकलेले. यातले शेवटचे ११ लाख गोळा करायला ८ लाख एका ओळखीच्या अडत्याकडून महिना २ टक्क्यांनी घेतले आणि ३ लाख खत-बियाण्याच्या दुकानातून ओढले, म्हणजे पेरणीच्या हंगामात दुकानात युरिया भरायला पैसे नाहीत अशी अवस्था. ५०० क्विंटल हळद विकत घ्यायला आम्हाला साडेबत्तीस लाख लागले होते, आणि तिच्या भावाचं संरक्षण करायला जवळपास तेवढेच लागत होते.

त्या रात्री संचालकांची बैठक झाली, साडेअकरापर्यंत चालली. टेबलावर जे आलं ते सांगतो.

पहिला पर्याय, भरत राहायचं. अध्यक्ष म्हणाले, "भाव कधी ना कधी उतरणारच की." उतरेलही, पण तो उतरेपर्यंत आपण टिकतो का हा प्रश्न होता, आणि वर किती जाईल याला छत नव्हतं.

दुसरा, वायदा पूर्ण कापून, म्हणजे विकलेले लॉट परत घेऊन, मोकळं व्हायचं. यात २० लाखांचा तोटा पक्का होतो आणि माल उघडा पडतो. उद्या भाव पडला तर वायद्यातही तोटा आणि मालातही तोटा, दोन्हीकडून मार. मला हा सगळ्यात धोक्याचा वाटला आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त लोकांना हाच पटत होता, कारण रोजचा फोन बंद होणार होता.

तिसरा, माल एक्स्चेंजच्या मान्यताप्राप्त वखारीत नेऊन ठेवायचा. त्याची इलेक्ट्रॉनिक वखार पावती मिळते, ती आधीच एक्स्चेंजकडे जमा केली की त्या सौद्यावरचं सुरुवातीचं मार्जिन सुटतं. ऐकायला छान, पण एमटीएम त्यातही भरावाच लागतो, म्हणजे आमच्या २९ लाखांतले ९ मोकळे झाले असते, २० नाही. मात्र अशी पावती तारण ठेवून कर्ज देणारे चालू बाजारभाव धरून देतात, खरेदीभाव नाही. म्हणजे मालातली वाढ रोख करायचा हा एक खरा रस्ता होता. अडचण वेळेची. हळदीची तपासणी, ओलावा, पोत्यांची प्रत, नांदेडमार्गे निजामाबादला गाड्या, वखारीत जागा, नवीन कर्जाची फाईल. किमान दोन-तीन आठवडे. आम्हाला पैसे उद्या सकाळी हवे होते.

चौथा पर्याय मी मांडला आणि मला आजही वाटतं की मी तो तीन आठवडे आधी मांडायला हवा होता. हाजर बाजारात माल विकायचा आणि त्याच दिवशी तेवढेच लॉट वायद्यात परत घ्यायचे. दोन्ही पाय एकदम उचलायचे. वायद्यातला तोटा पक्का होतो, पण मालातली वाढही त्याच दिवशी रोख होऊन हातात येते. यात भावाचा अंदाज बांधायचा प्रश्नच नाही.

मंडळी त्यावर तयार नव्हती. कारण सांगतो, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात वायदा हे एक खातं आणि गोदाम हे दुसरं खातं होतं. वायद्यातल्या २० लाखांना सगळे तोटा म्हणत होते आणि गोदामातला माल सोनं होत चाललाय असं म्हणत होते. वाढत्या बाजारात सोनं कोण विकणार? ठरलं काय, तर उद्याचा दिवस बघू.

काय केलं

दुसऱ्या दिवशी वायदा ५०० रुपयांनी वर, १२,५००. अडीच लाख एमटीएम आणि वाढलेलं मार्जिन मिळून जवळपास ३ लाख हवे होते. सकाळी दहापर्यंत आम्ही ८० हजार जमवले. ब्रोकरने त्यांच्या नियमाप्रमाणे ४ लॉट कापले. आम्हाला फोनवर कळलं, ते बोलणं दोन मिनिटांचं होतं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आमच्या करारात ते लिहिलेलं होतं आणि आम्ही त्यावर सही केलेली होती. ४ लॉट म्हणजे २०० क्विंटल, क्विंटलमागे ४,५०० प्रमाणे ९ लाखांचा तोटा पक्का झाला. बाजार वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वरच्या मर्यादेला, लागलेला असता तर कापायलाही विकणारा मिळाला नसता, आणि मग आणखी एका दिवसाचा तोटा वाढला असता, एवढं आमचं नशीब.

या धक्क्याने एक झालं, चौथा पर्याय लगेच मंजूर झाला. पुढच्या आठवड्यात आम्ही १०-१० टनांच्या तीन गाड्या वसमतच्या बाजारात विकल्या आणि गाडीचा भाव ठरला की त्याच तासात मी ब्रोकरला २ लॉट घ्यायला सांगायचो. पहिल्या गाडीचे साडेबारा लाख आले. हे पैसे कॅश क्रेडिट खात्यात गेले, बँकेने त्यातून खरेदीभावाच्या हिशोबाने आपला वाटा कापला आणि वरची वाढ आम्हाला वापरायला मोकळी झाली. जी वाढ महिनाभर कुणी मान्य करत नव्हतं ती माल विकल्या क्षणी खात्यात दिसली. अडत्याचे ८ लाख तिन्ही गाड्यांच्या अशा वाढीतूनच फेडले.

तीन गाड्यांचा सरासरी हाजर भाव १२,९००, आणि ६ लॉट परत घेतले ते सरासरी १३,५०० ला.

ज्या २०० क्विंटलचा वायदा ब्रोकरने कापला होता तो माल मात्र आम्ही त्या दिवशी विकला नाही. मी म्हणत होतो विका, मंडळींनी थांबायचं ठरवलं. तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात १४,६०० ला गेला.

फॉरवर्डचा माल? त्यावर दोन बैठका झाल्या. एका संचालकाने सरळ सांगितलं की २ लाख परत करू आणि वर १ लाख देऊ, तरी आपण लाखोंनी फायद्यात. हिशोबाने ते खरं होतं. पण त्या कारखान्याने २०२१ साली पावसात भिजलेला आमचा माल ठरल्या भावाने उचलला होता, आणि जिल्ह्यात एवढी खरेदी करणारे दोन-तीनच. अध्यक्षांनी निर्णय घेतला, माल द्यायचा. त्यांनी कारखान्याच्या मालकांना भेटून परिस्थिती सांगितली, भाव वाढवून मागितला नाही, फक्त पैसे एकवीस दिवसांऐवजी पोचल्याबरोबर द्या म्हणून विनंती केली आणि त्यांनी ती मानली. ५०० क्विंटल ७,८०० ने, ३९ लाख, ऑगस्टच्या मध्यावर.

निकाल

फॉरवर्डचं सोपं आहे, क्विंटलला ७,८००.

वायद्याच्या बाजूला दोन भाग करून बघावं लागतं. ज्या ३०० क्विंटलमध्ये दोन्ही पाय एकदम उचलले तिथे हाजर १२,९०० मिळाले आणि वायद्यात ५,५०० गेले, हातात राहिले ७,४००. जूनमध्ये सौदा केला त्या दिवशीचा हाजर भावही ७,४०० च होता! मधल्या काळात बाजार साडेपाच हजारांनी हलला आणि आम्हाला बरोबर सुरुवातीचा भाव मिळाला. हेजने आपलं काम शंभर टक्के केलं होतं. ८,००० का मिळाले नाहीत, तर वायदा आणि हाजर यातलं ६०० चं अंतर तसंच राहिलं. ते मिटतं ते एक्स्पायरी म्हणजे वायद्याची मुदत जवळ येते तेव्हा, १८ ऑगस्टला, आणि आम्ही तिथपर्यंत पोचलोच नाही. रोकड असती तर थांबलो असतो, वखारीत माल देऊन ८,००० च्या जवळ गेलो असतो. म्हणजे रोकड नसल्याची खरी किंमत साधारण हे अंतर.

उरलेल्या २०० क्विंटलला १४,६०० वजा ४,५०० म्हणजे १०,१०० पडले. हा आकडा सभेत सगळ्यांना फार आवडला, टाळ्या पडल्या. मी तिथे उभं राहून सांगितलं आणि इथेही सांगतो की हे हेजिंग नाही. कापला त्या दिवशी हाजर १२,००० होता, तेव्हा विकला असता तर ७,५०० पडले असते. मधले २,६०० प्रमाणे ५ लाख २० हजार ही पूर्णपणे उघड्या मालावर लागलेली पैज होती, जी आमच्या बाजूने लागली. भाव तेवढाच खाली गेला असता तर तेच ५ लाख आमच्या अंगावर आले असते आणि आज हा लेख वेगळा असता.

व्याजाचंही सांगतो कारण सगळ्यांना वाटतं की मार्जिन कॉलचा खर्च म्हणजे व्याज. अडत्याचं, संचालकांच्या ठेवींचं आणि बँकेचं मिळून ५० हजारांच्या आसपास गेलं. ५०० क्विंटलवर वाटलं तर क्विंटलला १०० रुपये. एवढंच. वायदा आणि फॉरवर्ड यांच्या भावात फारसा फरक का नसतो ते यावरून कळतं, रोजची देवाणघेवाण धरली तरी व्याजाचा परिणाम बारीकच राहतो. पण त्या दिवशी सकाळी दहाला ३ लाख नव्हते म्हणून ४ लॉट गेले. पैसा महाग होता म्हणून आम्ही अडकलो नाही, पैसा वेळेवर नव्हता म्हणून अडकलो.

हे फक्त आमच्यासारख्या लहानांचं होतं असंही नाही. १९९३ साली मेटालगेझेलशाफ्ट या मोठ्या जर्मन कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने ग्राहकांना अनेक वर्षं ठरल्या भावाने पेट्रोलियम पदार्थ द्यायचे करार केले होते, म्हणजे फॉरवर्ड, आणि त्याचं संरक्षण म्हणून जवळच्या महिन्यांचे वायदे खरेदी केले होते. तेलाचा भाव पडला. वायद्यातला तोटा रोज रोख मागायला लागला आणि ग्राहकांकडच्या करारातला फायदा मात्र पुढच्या अनेक वर्षांत थोडा थोडा मिळणार होता. शेवटी वायदे कापले आणि तोटा सव्वा अब्ज डॉलरच्या पुढे गेला. वायदे कापायला हवे होते का यावर जाणकारांचे अजून दोन तट आहेत. बाजू आमच्या उलट, आकडे अफाट, पण गाठ तीच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक जूनमध्येच झाली, माझी. मी मार्जिन किती लागेल ते विचारलं, भाव ५० टक्के वाढला तर एकूण किती रोकड लागेल ते काढलं नाही. काढायला पाच मिनिटं लागतात. ८,००० चा १२,००० झाला तर १० लॉटवर २० लाख एमटीएम आणि ९ लाख मार्जिन. १० लाख हातात असताना आम्ही १० लॉट घ्यायलाच नको होते. त्या पैशात ३ लॉट बसत होते. मग उरलेल्याचं काय? ते फॉरवर्डमध्ये जास्त द्यायचं, किंवा जूनमध्येच ७,४०० ला विकून टाकायचं. माल विकणं हेही भावाचं संरक्षणच आहे, ते आम्ही विसरलो.

दुसरं, माल आमच्याच गोदामात होता. मे महिन्यात, घाई नसताना, निम्मा माल मान्यताप्राप्त वखारीत ठेवून पावतीवर कर्जाची सोय करून ठेवली असती तर भावासोबत उचल वाढत गेली असती. भाव पडला तर हे कर्ज देणारेही फरक मागतात, पण तेव्हा आमचा वायदा आम्हाला पैसे देत असता. दोन्ही एकमेकांना पुरतात. खरेदीभावावर चालणारी कॅश क्रेडिट आणि बाजारभावावर चालणारा वायदा यांचं मात्र जुळत नाही.

तिसरं, कधी थांबायचं हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. रात्री साडेअकराला दमलेल्या माणसांनी ते ठरवायचं नसतं. अडकलेली रक्कम अमुक झाली की दुसऱ्या दिवशी इतका माल हाजरमध्ये विकायचा आणि तेवढेच लॉट घ्यायचे, असा ठराव जूनमध्येच हवा होता. ९,००० ला पहिला कॉल आला तेव्हा हे केलं असतं तरी क्विंटलला साधारण तेवढेच ७,४०० मिळाले असते, आणि कुणाच्या लग्नाच्या पैशांना हात लागला नसता.

फॉरवर्डच्या करारातही मी एक बदल सुचवला. भाव ठरल्या भावापेक्षा २५ टक्क्यांच्या वर किंवा खाली गेला तर त्यापुढचा फरक निम्मा-निम्मा वाटायचा, आणि टोकन दोन्ही बाजूंनी एका तिसऱ्याकडे ठेवायचं. कारखान्याला दोन्ही पटलं. याने संरक्षण थोडं कमी होतं हे खरं, पण भाव दुप्पट झाल्यावर सभासद माल रोखून धरतील ही भीती बरीच कमी होते, आणि भाव पडल्यावर अचानक प्रतीत खोट काढली जाण्याचीही. कारण आमच्या बाबतीत सगळं नीट पार पडलं ते माणसं चांगली होती म्हणून, करार पक्का होता म्हणून नाही.

२०२४ च्या हंगामात ८० टन घेतले. ४० टन त्याच कारखान्याला नव्या करारावर, २० टन पावती करून वखारीत आणि त्यापोटी ४ लॉट वायदा, २० टन थेट विक्री. संचालकांच्या मासिक कागदात आता वायद्याचा तोटा-नफा वेगळा दाखवत नाही, एकाच ओळीत माल, त्यावरचा वायदा आणि दोन्हींची बेरीज असते, आणि त्याखाली दुसरी ओळ, उद्या सर्किट लागलं तर सकाळी दहाच्या आत किती पैसे लागतील. ती ओळ अध्यक्ष आधी वाचतात.